बेल्टला बेल्टच म्हणा, पण "पुढे" म्हणजे कुठे ते मराठीत सांगा

"कन्व्हेयर मेंटेनन्सचं मराठीकरण म्हणजे वेळ वाया घालवणं. बेल्ट, रोलर, पुली हे शब्द सगळ्या फिटरना येतात. मराठी केलं की 'वाहक पट्टा' आणि 'कप्पी' होतं आणि कुणालाच काही कळत नाही. कंपनीचं इंग्रजी मॅन्युअल आहे तसं देवनागरीत लिहून काढा, पुरे झालं. शिवाय निम्मे कामगार हिंदी बोलणारे. असल्या भाषांतरानं उलट अपघातच व्हायचे."

हा मजकूर मला तीन ओळखीच्यांनी पाठवला, तिघंही प्लांटमधलेच. मी औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या सीएचपीत, सतरा वर्षं बेल्टच्या मेंटेनन्सला होतो. त्यातली शेवटची चार वर्षं फिटर आणि हेल्परांसाठी सूचनापत्रकं मराठीत लिहिण्यात गेली. म्हणून नीट उत्तर देतो.

आधी शब्दांचं बघू. बेल्टला बेल्ट आणि पुलीला पुलीच म्हणायचं, याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या पत्रकांत "वाहक पट्टा" कधीच नव्हता. कप्पी मात्र कळत नाही म्हणून टाळायची असं नाही. ती भलतीच कळते म्हणून टाळायची. मोटर किंवा गिअरबॉक्स उचलायला चेनकप्पी रोज लागते, त्यामुळे "कप्पी" म्हटलं की हेल्परच्या डोळ्यांसमोर साखळी आणि आकडा येतो. कप्पीला दोर बसायला खाच असते. हेड पुली, म्हणजे बेल्ट जिथे कोळसा टाकतो त्या टोकाची पुली, हा खाच नसलेला, दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवलेला जाडजूड ड्रम असतो. इथे इंग्रजी शब्दच बरोबर आहे, कारण तो एकाच वस्तूचा आहे.

पण इंग्रजी शब्द नुसता देवनागरीत उतरवला की तो दर वेळी एकाच वस्तूचा राहतो असं नाही. "लॅगिंग" घ्या. बॉयलरकडून बदलून आलेल्या माणसाला लॅगिंग म्हणजे वाफेच्या पाइपवर गुंडाळलेली लोकर आणि तिच्यावरचा पत्रा. आमच्याकडे लॅगिंग म्हणजे बेल्टला पकड मिळावी म्हणून पुलीवर चिकटवलेलं, साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचं रबर. फिटर पहिल्यापासून "पुलीचं रबर उडालंय" असंच सांगत आले आहेत, तेच पत्रकात लिहायचं. दुसरं उदाहरण "बेल्ट ट्रेनिंग"चं. बाजूला सरकलेला बेल्ट परत मधोमध आणण्याला इंग्रजीत तसं म्हणतात. तपासणीच्या तक्त्यात "बेल्ट ट्रेनिंग – मासिक" असं देवनागरीत लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्या रकान्यात प्रशिक्षणाला हजर असलेल्यांच्या सह्याही पाहिल्यात. तो बेल्ट महिनाभर कडेनं घासत होता. आमची माणसं याला "बेल्ट लाइनीत आणणं" म्हणतात, आता तक्त्यात तेच आहे.

"रोलर" हा शब्द सगळ्यांना येतो हे खरं, आणि अडचणही तिथेच आहे. कोळसा वाहणाऱ्या वरच्या बाजूला एका स्टँडवर तीन रोलर असतात. मधला आडवा आणि कडेचे दोन वर उचललेले, आमच्याकडे ३५ अंशांनी. त्यांच्यावर बेल्टची पन्हळ होते, म्हणून कोळसा सांडत नाही. (पन्हळ हा शब्द कौलारू घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.) खालच्या, परतीच्या बेल्टला एकच लांब रोलर. कोळसा जिथे वरून पडतो तिथे रबरी कड्यांचे धक्क्याचे रोलर. आणि लॉगबुकात या सगळ्यांसाठी एकच नोंद: "रोलर खराब, बदलणे." अशा नोंदीवर स्टोअर कुठला रोलर देणार? आणि तो आज बदलायचा की रविवारच्या शटडाऊनला, हे शिफ्टवाल्यानं कशावरून ठरवायचं?

तीन रोलरांवर भार सारखा वाटला जात नाही. जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या मधल्यावर येतो. "खराब"मध्येही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज करणाऱ्या रोलरचं बेअरिंग जायला लागलेलं असतं, पण तो फिरतोय, थोडी सवड आहे. जाम झालेला फिरतच नाही. बेल्ट त्याच्यावरून घासत जातो, नळी एकाच जागी झिजून कागदासारखी होते, फुटते, आणि तिची धार बेल्टला उभा चिरते. त्याच्या आधी तो तापतोही, आणि खाली कोळशाची भुकटी साचलेली असली तर धूर निघायला वेळ लागत नाही. ओळखायचं कसं? फिरणाऱ्या रोलरचा अंगभाग बेल्टनं पुसून लख्ख राहतो. जामवर एकच चकचकीत सपाट पट्टा दिसतो आणि बाकीच्या अंगावर भुकटीचा थर बसलेला असतो. आम्ही नोंदीसाठी आठ शब्द ठरवले. कुठला: मधला, कडेचा, परतीचा, धक्क्याचा. काय झालंय: आवाज, जाम, झिजला, पडला. "मधला जाम" इतकं वाचलं की शिफ्टवाला उठतो. या आठांतला एकही शब्द कोशातून आणावा लागला नाही, सगळे तिथलेच होते. वहीत लिहायची परवानगी तेवढी नव्हती.

आता मॅन्युअल जसंच्या तसं देवनागरीत उतरवण्याबद्दल. यात काय होतं ते एका दिवसाच्या कामावरून सांगतो.

पावसाळ्यातली दुपार होती. एका बेल्टची परतीची बाजू टेल पुलीच्या, म्हणजे कोळसा घेणाऱ्या मागच्या टोकाच्या पुलीच्या, अलीकडे सरकून स्ट्रक्चरला घासत होती आणि कडेचे धागे सुटून लोंबायला लागले होते. भिंतीवरच्या पत्रकात, इंग्रजीवरून उतरवलेल्या भाषेत, लिहिलं होतं: "बेल्ट ज्या बाजूला शिफ्ट होतो त्या बाजूचा आयडलर फॉरवर्ड करावा." शब्द सगळे ओळखीचे होते, आयडलर म्हणजे रोलरच. फिटरनं परमिट घेतलं, त्या बाजूचे बोल्ट सैल केले आणि चार परतीच्या रोलरांची ती टोकं पुढे, म्हणजे हेडच्या दिशेला, ठोकली. आमच्याकडे पुढे म्हणजे हेड आणि मागे म्हणजे टेल, सगळे तसंच बोलतात. बेल्ट सुरू केला तर तो अजूनच बाहेर गेला आणि सरकलेला बेल्ट थांबवणाऱ्या बेल्ट-स्वे स्विचनं ट्रिप झाला.

मॅन्युअलमधला नियम चुकीचा नव्हता. बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो त्या टोकाकडे सरकतो. म्हणून बेल्ट ज्या बाजूला गेलाय ती रोलरची बाजू बेल्टच्या धावण्याच्या दिशेनं थोडी ढकलायची. मग बेल्ट दुसऱ्या टोकाला आधी टेकतो आणि तिकडे परततो. पण "फॉरवर्ड" म्हणजे बेल्ट जिकडे धावतो ते, आणि परतीचा बेल्ट धावतो टेलकडे. वरच्या बाजूला "पुढे" आणि बेल्टची दिशा जुळून येतात, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. खालच्या बाजूला त्या उलट होतात.

"डावीकडे-उजवीकडे"चीही तीच गत. टेलकडून बघता की हेडकडून, त्यावर ते बदलतं. आमच्या गॅलरीत दोन बेल्ट शेजारीशेजारी आहेत, मधून चालायची वाट आणि बाहेरच्या अंगाला गॅलरीचा पत्रा. म्हणून आम्ही "वाटेची बाजू" आणि "पत्र्याची बाजू" असे शब्द घेतले, कारण तोंड कुठेही करून उभं राहिलं तरी ते बदलत नाहीत. नव्या पत्रकातला मजकूर असा झाला:

"बेल्ट कुठल्या बाजूला गेलाय ते पाहा: वाटेच्या की पत्र्याच्या. आधी रोलरला आणि पुलीला चिकटलेला कोळसा खरवडून काढा आणि पुन्हा पाहा. तरीही सरकत असेल, तर जिथे सरकलेला दिसतो तिथले रोलर हलवू नका. बेल्ट जिकडून येतो त्या बाजूचे, अलीकडचे दोन-तीन रोलर घ्या. बेल्ट ज्या बाजूला गेलाय ती रोलरची बाजू, बेल्ट जिकडे धावतो तिकडे, ३ ते ५ मिलिमीटर सरकवा. परतीचा बेल्ट टेलकडे धावतो, विसरू नका. बाहेर या, बेल्ट सुरू करा, पूर्ण दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, मगच पुढचा रोलर."

खरवडण्याचं वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतं, एका फिटरनं घालायला लावलं. ओला कोळसा परतीच्या रोलरवर एका अंगाला जाड बसला की रोलर तिथे मोठा होतो आणि बेल्ट भलतीकडे ओढला जातो. असा रोलर ठोकून बेल्ट लाइनीत आणला तर कोळसा निघाल्यावर बेल्ट पुन्हा बाहेर.

हिंदी बोलणाऱ्यांसाठी हिंदीतही पत्रक लावा, त्यासाठी मराठी काढायची गरज नाही. कारखान्यात कायद्यानं लावाव्या लागणाऱ्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमानं कलम १०८ मध्ये घातली, ती याचसाठी. आणि "वाटेची बाजू" हिंदीत न्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

राहिला अपघातांचा मुद्दा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. निष्काळजी मराठीनं माणूस जाऊ शकतो, आणि त्याला एकच शब्द पुरतो: "बंद". इंग्रजीत बेल्ट थांबवणं वेगळं आणि त्याचा वीजपुरवठा तोडणं वेगळं. मराठीत आपण दोन्हीला "बंद केला" म्हणतो. एका पत्रकात होतं, "बेल्ट बंद करून साफसफाई करावी." पुढचा बेल्ट ट्रिप झाला की इंटरलॉकमुळे मागचाही आपोआप थांबतो. असा थांबलेला बेल्ट पाहून एक हेल्पर फावडं घेऊन टेलजवळ आत उतरला. बेल्ट बंदच होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढचा ट्रिप रीसेट झाला आणि हूटर वाजला. हूटर आणि बेल्ट यांच्यामध्ये जे काही सेकंद असतात त्यात तो बाहेर पडला. फावडं आतच राहिलं, त्याचा दांडा नंतर दोन तुकड्यांत मिळाला.

वीज तोडूनही काम संपत नाही. ताण देणारं टेक-अपचं वजन काही टनांचं असतं आणि ते मोटर बंद झाल्यावरही बेल्टला ओढतच राहतं. चढावरचा भरलेला बेल्ट गिअरबॉक्स किंवा बेल्टला उलटं फिरू न देणारा होल्डबॅक उघडला तर मागे घसरतो. म्हणून पत्रकांतून "बंद" हा शब्दच आम्ही काढून टाकला. त्याच्या जागी तीन शब्द आले, आणि परमिटवर तिन्हींपुढे वेगळी सही लागते:

"थांबवला – स्टॉप दाबलं किंवा पुलकॉर्ड ओढली. हात घालायचा नाही.

तोडला – ब्रेकर बाहेर काढला, कुलूप लावलं, चावी काम करणाऱ्याच्या खिशात, लोकल स्विचवरून सुरू करून पाहिला, सुरू झाला नाही. रोलर बदलणं, खरवडणं, साफसफाई चालेल.

बांधला – तोडल्यावर टेक-अपचं वजन उचलून अडकवलं, बेल्टला क्लॅम्प लावले. बेल्ट कापणं, जोड मारणं, पुली किंवा गिअरबॉक्स उघडणं याच्यानंतरच."