टोटल तर मॅच होतोय ना!

मीटिंगचे मिनिट्स आलेत. त्यात चौथ्या मुद्द्यावर लिहिलंय, "बजेट अपडेटला स्क्रिप्टमुळे विलंब." स्क्रिप्टमुळे. स्क्रिप्ट कोणाची, माझी. म्हणजे विलंब कोणामुळे, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. मी ती ओळ परत परत वाचतोय आणि दर वेळी माझा चहा थोडा थोडा गार होतोय.

काम काय होतं ते पटकन सांगतो. गूगल अ‍ॅड्सच्या एका अकाउंटमध्ये चारशेच्या वर कॅम्पेन्स, सेल तोंडावर आलेला, सगळ्यांचं रोजचं बजेट २० टक्क्यांनी वाढवायचं. एकेक कॅम्पेन उघडून आकडा बदलत बसलो तर सेल संपून जाईल, म्हणून शीट. चार कॉलम: कॅम्पेन आयडी, नाव, सध्याचं बजेट, नवं बजेट. शीट माझी स्क्रिप्ट वाचते आणि अकाउंटमध्ये बदल करते. संपलं. खरंतर संपलं असतं.

पण आमच्याकडे एक सर आहेत, त्यांना मी मनातल्या मनात टोटलसर म्हणतो. टोटलसरांना शीट "एकदा नजरेखालून घालायला" हवी असते. नजरेखालून घालतात म्हणजे नुसती बघत नाहीत, हात लावतात. नव्या बजेटच्या कॉलममध्ये फॉर्म्युले होते, ते त्यांना घाणेरडे वाटले म्हणून कॉपी करून व्हॅल्यूज पेस्ट केल्या. मग तो एकच कॉलम सिलेक्ट करून उतरत्या क्रमाने लावला, कारण "मोठे आकडे वर असले की बघायला बरं पडतं". एक्सेल बिचारं अशा वेळी विचारतं, बाजूचे कॉलम पण सोबत हलवू का, `Expand the selection` की `Continue with the current selection`. सरांनी दुसरं निवडलं. का? तर म्हणे "कंटिन्यू म्हणजे पुढे जायचं".

आता काय झालं बघा. नावं आपल्या जागी, आयडी आपल्या जागी, सध्याचं बजेट आपल्या जागी आणि नवं बजेट मात्र जागा बदलून भलत्यांच्याच शेजारी. पहिल्या ओळीत एक छोटी डिस्प्ले कॅम्पेन होती, सध्याचं बजेट ८००, नवं ९६० व्हायला हवं, तिच्यासमोर आले ६०,०००. पंचाहत्तर पट. शेवटच्या ओळीत अकाउंटची सगळ्यात मोठी सर्च कॅम्पेन, बजेट ५०,०००, तिच्यासमोर १२०. शंभरच्या कॅम्पेनचे एकशेवीस होते ते, उतरत्या क्रमात तळाला गेले आणि हिच्या पदरात पडले.

स्क्रिप्टने शीट उघडली, पहिल्या ओळीलाच थबकली आणि एकही बदल न करता बंद पडली. तिला मी तसंच शिकवलंय. त्यातला कामाचा भाग एवढाच आहे:

```
var live = campaign.getBudget().getAmount();
var ratio = nava / juna;
if (Math.abs(live - juna) > 0.01 ||
    ratio > 1.3 || ratio < 0.7) {
  throw new Error('थांबा: ' + campaign.getName());
}
```

म्हणजे दोन प्रश्न. शीटमध्ये जे "सध्याचं बजेट" लिहिलंय ते अकाउंटमध्ये आत्ता खरंच तेवढं आहे का? आणि नवा आकडा जुन्याच्या ३० टक्के वर-खाली या पट्ट्यात आहे का? आधी सगळ्या ओळींची ही तपासणी होते, सगळ्या पास झाल्या तरच दुसऱ्या फेरीत बजेट बदलणारं `setAmount` चालतं. एक ओळ नापास झाली की सगळी फाइल परत. वाईट ओळ तेवढी गाळून बाकीच्या करू, असं मी मुद्दाम नाही ठेवलेलं, कारण एक ओळ सरकलेली असेल तर बाकीच्यांवर कुठल्या तोंडाने विश्वास ठेवायचा? सॉर्ट झालेल्या शीटमध्ये मधल्या काही ओळी योगायोगाने पट्ट्यात बसतात, त्या गुपचूप आत गेल्या असत्या.

एरर बघून मी सरांना सांगायला गेलो. आणि मग जो संवाद झाला तो मी विसरायचा म्हटलं तरी विसरू शकत नाही.

"सर, बजेटचा कॉलम एकटाच सॉर्ट झालाय."

"हो, मीच केला. छान दिसतोय ना आता?"

"सर, पण आकडे चुकीच्या कॅम्पेनला लागलेत."

"टोटल चेक केलास?"

"टोटल बरोबरच येणार सर, आकडे तेच आहेत, फक्त जागा..."

"टोटल मॅच होतोय ना?"

"होतोय."

"मग?"

ह्या "मग?"ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऑफिसात देता येत नाही. मी खुर्ची ओढली. म्हटलं सर, समजा वर्गातल्या सगळ्या पोरांचे मार्क काढून घेतले, उतरत्या क्रमाने लावले आणि हजेरीपटावर वरून खाली वाटत गेलो, तर वर्गाची टोटल तीच राहील, पण...

सरांनी विचार केला. मला वाटलं पटलं. म्हणाले, "आणि अ‍ॅव्हरेज पण तेच राहील की!"

बाजूच्या टेबलवरची मुलगी उठून पाणी प्यायला गेली. परत बराच वेळ आली नाही.

मी हट्टाने पुढे सांगत राहिलो. सर, डिस्प्ले कॅम्पेन जाहिराती दाखवायला जागा शोधतच असते, तिला ६०,००० दिले तर ती दिवसात ६०,००० संपवू शकते, उलट गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंतही खर्च करू शकतं, म्हणजे १,२०,०००. आणि ज्या सर्च कॅम्पेनवर सेलची खरी विक्री अवलंबून आहे ती १२० मध्ये सकाळीच आटपेल. सर म्हणाले, "अरे पण दुसरीकडे जास्त खर्च झाला तर तिकडे कमी झालेला भरून निघेल ना?" मी म्हटलं पैसे भरून निघतील, गिऱ्हाईक नाही निघणार. ते म्हणाले, "तू फार निगेटिव्ह विचार करतोस."

इथे जरा वाट सोडून सांगतो, कारण हेच सर जाहिरातीच्या मजकुरातही हात घालतात. मागे म्हणाले, सगळीकडे "सेल"च्या जागी "सवलत" करून टाक, मराठी वाटेल. मी करायच्या आधीच स्वतः फाइंड अँड रिप्लेस मारून शीट पाठवली. मराठीत "सेल" किती ठिकाणी लपलेला असतो ते मला त्या दिवशी कळलं. "तुमच्या बजेटमध्ये बसेल" याचं झालं "तुमच्या बजेटमध्ये बसवलत". "आवडत असेल तर" याचं "आवडत असवलत तर". आणि एका जाहिरातीत, "असा लूक दुसरीकडे कुठे दिसवलत?" ही जाहिरात एखाद्या जुन्या नाटकातल्या खलनायकाने लिहिल्यासारखी वाटत होती आणि खरं सांगतो, मला ती आवडली होती. स्क्रिप्टने शब्दांच्या कडा `\b` लावून ओळखाव्यात तर देवनागरीला जावास्क्रिप्टचं ते `\b` लागू पडत नाही, ते इंग्रजी अक्षरांपुरतंच शहाणं आहे. म्हणून मजकुरासाठी मी आधीची ओळ आणि नंतरची ओळ शेजारी शेजारी काढतो, फक्त बदललेल्या तेवढ्याच, आणि डोळ्यांनी वाचतो. त्याला उपाय नाही. एका हेडलाइनला ३० अक्षरांची मर्यादा असते म्हणून मोठी झालेली हेडलाइन सिस्टीम परत तरी करते, पण "बसवलत" नेमकं मर्यादेत बसवलत, तर ते कोण अडवणार?

असो. बजेटकडे येतो. मीटिंगमध्ये सरांनी नवीन मार्ग सुचवला: शीटच कशाला, स्क्रिप्टलाच सांग की जे आहे त्याला १.२ ने गुण. ऐकायला झकास. पण ती स्क्रिप्ट मध्येच अडकली आणि कुणी परत चालवली तर अर्ध्या कॅम्पेन्सना १.२ दोनदा लागेल, म्हणजे ४४ टक्के वाढ. शिवाय काही कॅम्पेन्स एकच शेअर्ड बजेट वापरतात. तिथे तीन कॅम्पेन्स असतील तर एकाच बजेटला गुणाकार तीनदा. म्हणून शीटमध्ये पक्का आकडा लिहायचा, ५०,००० चे ६०,०००, की कितीदाही चालवा, ६०,००० च राहतील. आणि माझी तपासणी तर दुसऱ्या वेळी चालूच देत नाही, कारण अकाउंटमध्ये आता ६०,००० आहेत आणि शीट म्हणते सध्या ५०,०००. जुळत नाही, थांबा. हे मी मीटिंगमध्ये सांगत होतो तेव्हा सर फोनवर कॅल्क्युलेटर उघडून १.२ गुणिले १.२ करत होते. १.४४ आलं. त्यांनी कॅल्क्युलेटरकडे संशयाने बघितलं.

शेवटी मूळ शीट व्हर्जन हिस्टरीतून परत आणली, फॉर्म्युल्यासकट. स्क्रिप्ट आधी प्रिव्ह्यूमध्ये चालवली, तिथे खरे बदल होत नाहीत, फक्त काय काय बदललं असतं त्याची यादी दिसते. यादीतल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या काही ओळी हाताने पडताळल्या. मग आधी लहानशा दहा कॅम्पेन्स, अकाउंटच्या चेंज हिस्टरीत जुना-नवा आकडा नीट दिसतोय ना बघितलं, मग उरलेल्या. जुने आकडे वेगळ्या टॅबवर जपून, म्हणजे उलट फिरायची वेळ आली तर तीच शीट कॉलम बदलून चालवता येते. सगळं मिळून संध्याकाळ झाली. आणि ही संध्याकाळ म्हणजे मिनिट्समधला "विलंब".

मला राग कशाचा आला हे नीट सांगता येत नाही. ती ६०,००० ची ओळ आत गेली असती तर दुसऱ्या दिवशी सगळे जागे झाले असते, कॉल झाला असता, कुणीतरी रात्रभर बसून सावरलं असतं आणि त्याचं नाव मिनिट्समध्ये कौतुकाने आलं असतं. काहीच झालं नाही, म्हणून उशीर झाला. न लागलेल्या आगीचा पंचनामा कोण करणार.

मिनिट्समध्ये पाचवा मुद्दाही आहे. "स्क्रिप्टमधली ३० टक्क्यांची मर्यादा ५०० टक्के करावी, म्हणजे अडकणार नाही." मी मर्यादा नाही वाढवली. त्याऐवजी एक ओव्हरराइड दिला: पट्ट्याबाहेरची वाढ खरंच करायची असेल तर त्या कॅम्पेनचं नाव आणि नवा आकडा शीटच्या वेगळ्या टॅबवर स्वतःच्या हाताने टाइप करायचा, दोन्ही जुळले तरच ती ओळ पुढे जाते. सरांना डेमो दाखवला. त्यांनी शांतपणे बघितलं, मान हलवली, म्हणाले चांगलंय, आणि मग विचारलं, "हे टाइप करायचं ऑटोफिल होईल ना?"