शीटचे कुलूप हे कुलूप नव्हे : पासवर्डच्या एक्सेल फाइलबद्दल

«पासवर्ड मॅनेजर हॅक होतात, त्यांच्या नादी लागू नका. सगळे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये लिहा, कॉलम लपवा, शीट प्रोटेक्ट करा, फाइलला ‘किराणा यादी’ असे नाव द्या आणि गूगल ड्राइव्हवर ठेवा. कोणालाही सापडणार नाही. कधी नको झाली तर डिलीट करा, विषय संपला.»

हा संदेश गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. मात्र इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या काकांनी तो शब्दशः अमलात आणला, चौतीस ओळींची फाइल तयार केली आणि मोठ्या समाधानाने मला दाखवली. त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

यातला सर्वांत घातक सल्ला शीट प्रोटेक्ट करण्याचा आहे, कारण तो सुरक्षिततेचा खोटा विश्वास देतो. एक्सेलमधली Protect Sheet ही सोय कोणी चुकून सूत्र खोडू नये, आकडे बदलू नयेत, एवढ्यासाठीच आहे. शीट अशा रीतीने संरक्षित करणे हा सुरक्षेचा उपाय म्हणून अभिप्रेत नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे. ज्यांनी ती सोय बनवली तेच असे सांगत असताना गटावरच्या संदेशावर विश्वास का ठेवावा, हे मला समजत नाही.

काकांना हे वाचून पटले नाही. “अरे, पासवर्ड टाकल्याशिवाय लपवलेला कॉलम उघडत नाही, मी स्वतः करून पाहिले,” असे ते म्हणाले. म्हणून त्यांच्याच फाइलची एक प्रत घेऊन मी तिच्या नावातले .xlsx काढले आणि .zip लिहिले. .xlsx फाइल ही मुळात अनेक लहान फाइलींची झिप केलेली थैलीच असते. ती उघडली, आत पुढील फाइल सापडली आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली:

```
xl/sharedStrings.xml
```

शीटमध्ये टाइप केलेला मजकूर एक्सेल येथे साठवते. लपवलेल्या कॉलममधले पासवर्डही तेथे सरळ वाचता येत होते; त्यासाठी मला शीटचा पासवर्ड माहीत असण्याची किंवा तो तोडण्याची गरज पडली नाही. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

एक गोष्ट मान्य करावी लागते. एक्सेलमध्ये खरे कुलूपही आहे, पण ते दुसऱ्या जागी आहे: File, मग Info, मग Protect Workbook आणि त्यातले Encrypt with Password. त्याने संपूर्ण फाइल कूटबद्ध होते आणि पासवर्ड मजबूत असेल तर चोराला ती सहज उघडता येत नाही. संदेशात मात्र याचा उल्लेखही नाही. शिवाय अशी फाइलसुद्धा उघडली की सगळे पासवर्ड एकदम पडद्यावर येतात, आणि बँकेच्या नावाने आलेल्या बनावट पानावर आपण त्यातला पासवर्ड चिकटवला तर फाइल आपल्याला अडवत नाही. पासवर्ड मॅनेजर नोंदीतला पत्ता आणि समोरच्या पानाचा पत्ता ताडून पाहतो; जुळला नाही तर पासवर्ड भरायला पुढे करत नाही. तो नेहमीप्रमाणे पुढे आला नाही, हीच थांबण्याची खूण असते.

‘किराणा यादी’ या नावाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ड्राइव्हमधला शोध फाइलीच्या नावापुरता थांबत नाही, तो आतला मजकूरही पाहतो. खात्यात शिरलेल्या माणसाने ‘netbanking’ एवढे टाइप केले तरी पुरे. नोट्स ॲपमधली कुलूप नसलेली नोंदही अशीच शोधात सापडते.

हॅक होण्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते नाकारता येणार नाही. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर बनवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यांतले पासवर्ड कूटबद्ध होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते, आणि ज्यांचा तिजोरी उघडण्याचा मुख्य पासवर्ड कमकुवत होता त्यांना खरा धोका निर्माण झाला. यावरून मुख्य पासवर्ड लांब हवा आणि कंपनी पारखून घ्यावी, हा निष्कर्ष निघतो. काकांची फाइल कोणी उचलली असती तर चोराला काहीच तोडावे लागले नसते, हा फरक संदेश लिहिणाऱ्याने गाळला आहे.

आता ‘डिलीट करा, विषय संपला’ याकडे वळतो. काकांच्या फाइलच्या प्रती मोजल्या तेव्हा एक लॅपटॉपवर होती, एक ड्राइव्हवर, आणि एक काकूंच्या फोनमध्ये. चौथी निघाली झेरॉक्सच्या दुकानात, कारण छापील प्रत काढण्यासाठी काकांनी फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवली होती. तिथल्या संगणकावर ती अजून आहे की नाही, हे आम्हाला कधीच खात्रीने कळणार नाही. ड्राइव्हवर गूगल शीट असेल तर एकेक रकाना पुसूनही जुना मजकूर Version history मध्ये दिसू शकतो. म्हणून आधी फाइल पुसायची नाही. आधी तिच्यातला प्रत्येक पासवर्ड निरुपयोगी करायचा.

पासवर्ड मॅनेजर म्हणून आम्ही बिटवॉर्डन घेतले. ते मोफत वापरता येते आणि त्याचा कोड सर्वांना पाहता येतो. मुख्य पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द फासे टाकून निवडले. तो विसरल्यास कंपनीलाही परत देता येत नाही, म्हणून तो आणि दुहेरी पडताळणीचा रिकव्हरी कोड कागदावर लिहून लिफाफा काकूंच्या कपाटात ठेवला. शीट सीएसव्ही करून एकदम आत घेता येते, पण ते मी टाळले. त्यामुळे उघड्या मजकुराची आणखी एक फाइल तयार होते आणि उघडे पडलेले जुने पासवर्ड तसेच नव्या घरात जातात. शिवाय शीटमधल्या नोंदीही बरोबर असतील असे नाही: काकांच्या एका पासवर्डात फक्त आकडे होते आणि तो शून्याने सुरू होत होता, एक्सेलने त्याला संख्या समजून शून्य गाळले होते, आणि काका दर वेळी ‘फरगॉट पासवर्ड’ करत होते.

सुरुवात ईमेलपासून केली, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. मग बँक, मग उरलेली खाती. प्रत्येक ठिकाणी क्रम एकच होता: नवा पासवर्ड मॅनेजरमध्ये तयार करून आधी तिथे जतन करायचा, मग संकेतस्थळावर बदलायचा, सर्व उपकरणांवरून बाहेर पडायचे, नव्या पासवर्डने पुन्हा आत जाऊन पाहायचे आणि त्यानंतरच शीटमधल्या त्या ओळीवर खूण करायची. बँकेच्या पानाने लांब पासवर्ड नाकारला, तिथे लांबी कमी करून नवा तयार केला. शीटमध्ये लिहिलेली सुरक्षा प्रश्नांची उत्तरेही बदलली. एटीएमचा पिन मॅनेजरमध्ये घेतलाच नाही; काका एटीएमवर जाऊन तो बदलून आले.

चौतीसपैकी नऊ खाती वापरातच नव्हती, ती बंद केली. उरलेल्या पंचवीस खात्यांना तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी लॅपटॉपवरची, फोनमधली आणि ड्राइव्हवरची प्रत पुसली, प्रत्येक ठिकाणची कचरापेटी रिकामी केली आणि छापलेला कागद फाडून टाकला. दुकानातल्या प्रतीतला एकही पासवर्ड आता चालत नाही.