‘सक्शन असलं की पुरे’ म्हणणाऱ्या वाचकास

प्रतिक्रिया: “लेख वाचला. भरपूर तळण असेल तर ९० सेंमीचीच चिमणी घ्या, ही दुकानदाराची भाषा झाली. आमच्याकडे म्हापशाला ६० सेंमीची आहे, डोकं आपटू नये म्हणून शेगडीपासून तीन फुटांवर लावली आहे. सक्शन जास्त असलं की रुंदी आणि उंचीने काही फरक पडत नाही. शिवाय गोव्यात खिडकी उघडली की धूर जातोच. उंची नक्की कुठून मोजायची तेही तुम्ही लिहिलेलं नाही. कपाटांचं सुतारावर सोडा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.”

तुमची शेवटून दुसरी तक्रार खरी आहे, ती आधी मान्य करते. उंची शेगडीच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजायची, ओट्यापासून नाही. ओट्यात बसवलेला हॉब असेल तर दोन्ही जवळपास एकच, पण ओट्यावर ठेवलेली साधी शेगडी चारेक इंच उंच असते आणि तेवढा फरक पडतो. लेखात हे राहून गेलं, आता दुरुस्त केलं आहे.

पण ‘दुकानदाराची भाषा’ हे शब्द मला लागले. मी चिमण्या विकत नाही, कोणाकडून पैसे घेऊन त्यांच्याबद्दल लिहीत नाही. चौदा वर्षं फोंड्यात घरातून जेवणाच्या ऑर्डरी करते आहे. आठवड्यातले पाच दिवस बांगडे आणि इसवण रव्यात तळते, चवथीच्या आधी चार दिवस नेवऱ्यांची कढई खाली उतरत नाही. असहमती दाखवायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवायचं असेल तर मात्र आधी त्याची चौकशी करावी, एवढी साधी रीत आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य, सक्शन जास्त असलं की रुंदी-उंचीने फरक पडत नाही हे. चिमणीवर खर्च करून नंतर हळहळणारी बहुतेक माणसं याच समजुतीवर फसतात, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

देवासमोरच्या समईला हातभर लांबून फुंकर मारा, ज्योत विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास जोरात आत ओढून बघा, ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकर एका दिशेने जाते, ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी येते आणि तोंडापासून थोडं दूर गेलं की तिचा जोर संपतो. चिमणीचंही तसंच आहे. ती खालून धूर खेचून वर नेत नाही. गरम तेलाची वाफ आपल्या उष्णतेने वर चढते. चिमणीचं काम ती वाफ तोंडाशी आली की झेलायची आणि पाइपातून बाहेर टाकायची. जी वाफ तोंडाखाली आलीच नाही, तिच्यापुढे ताशी बाराशे घनमीटर हवा ओढणारी मोटरही फारसं काही करू शकत नाही.

वाफ तोंडाखाली येते का, हे टेपने मोजता येतं. माझ्या शेगडीचे दोन बर्नर मध्यापासून मध्यापर्यंत १५ इंचांवर आहेत. म्हणजे डावा बर्नर शेगडीच्या मध्यरेषेपासून साडेसात इंच डावीकडे. त्यावर माझी १४ इंची कढई, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत ७ इंच. कढईचा डावा काठ मध्यरेषेपासून साडेचौदा इंचांवर गेला. ६० सेंमीची चिमणी दोन फुटांची, मध्यरेषेपासून दोन्हीकडे १२ इंच. कढईच अडीच इंच बाहेर आहे! तिथून निघालेली वाफ सरळ खांबासारखी वर जात नाही, आजूबाजूची हवा ओढून घेत रुंदावत जाते. २८ इंच वर पोचेपर्यंत माझ्या अंदाजाने प्रत्येक बाजूला तीनेक इंच पसरते. ९० सेंमीची चिमणी मध्यरेषेपासून १८ इंच जाते, म्हणजे कढईच्या काठापलीकडे साडेतीन इंच उरतात. वाफ जेमतेम आत बसते. मी ९० का म्हणते ते या बेरीज-वजाबाकीतून निघालं आहे, कोणाच्या छापील जाहिरातीतून नाही.

आणि म्हणूनच तीन फुटांची उंची चुकीची. चिमणी वर नेली की वाफेला पसरायला जागा मिळते, तिचा वेगही कमी होतो आणि पंख्याची किंवा दाराची साधी झुळूकही तिला बाजूला लोटते. गॅसच्या शेगडीसाठी २६ ते ३० इंच ठेवतात. २६च्या खाली नेऊ नये, कारण तळताना ज्वाला मोठी असते आणि फिल्टरला चिकटलेलं तेल तापून पेट घेण्याची भीती असते. तळण भरपूर असेल तर मी २८ म्हणते, घरात कोणी उंच असेल तर ३०. डोकं आपटण्याबद्दल सांगायचं तर ओटा २४ इंच खोल असतो आणि चिमणी साधारण १९-२० इंच पुढे येते, त्यामुळे सरळ उभं राहिलं तर ती कपाळापासून मागेच राहते. वाकून कढईत बघताना लागते हे खरं. मग कढई समोरच्या काठाकडे ओढून न घेता भिंतीकडच्या बर्नरवर ठेवावी, म्हणजे धूरही सापडतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कागदावरचं. मग माझ्या घरात काय झालं ते ऐका, कारण तुम्ही सांगता तो उपाय मी स्वतःच्या पैशांनी करून पाहिला आहे. माझ्या जुन्या स्वयंपाकघरात सुताराने, ज्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं तुम्ही म्हणता, चिमणी ठरण्याआधीच वरची कपाटं केली आणि मधे नेमकी दोन फुटांची खाच सोडली. तिथे ६० शिवाय दुसरं काही बसेचना. दुसऱ्याच पावसाळ्यात डाव्या कपाटाच्या खालच्या कोपऱ्यात लॅमिनेट सुटलं, आतलं प्लाय फुगलं आणि पिवळट चिकट थेंब लोंबायला लागले. उजव्या कपाटालाही थर होता, पण कमी. मी तुमच्यासारखाच विचार केला आणि जास्त सक्शनची, पण पुन्हा ६०चीच चिमणी आणली. आवाज वाढला, थर तोच.

मग पाहिलं तर बिल्डरने भिंतीला चार इंचांचं भोक ठेवलेलं आणि चिमणीचा सहा इंची पाइप तिथे अरुंद करून घुसवलेला. सहा इंचांच्या वर्तुळाच्या मानाने चार इंचांचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. खोक्यावरचा बाराशेचा आकडा हा बहुधा पाइप न जोडता मोकळ्या हवेतला असतो. पाइप लांबला, वळणं आली, तोंड आवळलं की तो झपाट्याने उतरतो. भोक सहा इंचांचं करून घेतलं आणि महिन्याभरात उजवी बाजू स्वच्छ राहू लागली. डावी बाजू, जिथे मोठी कढई असते, तशीच तेलकट. सक्शनचा दोष होता तो भोकाने सुटला. रुंदीचा दोष कपाट तोडून ९०ची लावली तेव्हाच सुटला. यापेक्षा स्पष्ट पुरावा घरगुती माणसाकडे दुसरा कुठला असणार?

तुमच्याकडे सगळं नीट चालतं असा तुमच्या प्रतिक्रियेचा सूर आहे. तुमच्या घरी तळतं कोण? प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. जे तळतं त्याला विचारा. आणि पांढरं फडकं कोमट पाण्यात आणि भांड्याच्या साबणात भिजवून चिमणीच्या दोन्ही बाजूंच्या कपाटांच्या खालच्या काठावरून फिरवा. आठवड्याभरात फडकं पिवळं होत असेल तर धूर चिमणीबाहेर जातो आहे, मग सक्शन कितीही असो. दुसरी खूण अगरबत्तीची. गॅस बंद, चिमणी पूर्ण वेगाने चालू, आणि अगरबत्ती कढईचा काठ येतो त्या ठिकाणी धरायची. धूर वर जाऊन कडेने निसटताना दिसतो. तापलेल्या तेलाची वाफ अगरबत्तीपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणजे जिथून अगरबत्तीचा धूर निसटतो तिथून ती निसटतेच.

कपाटांबद्दल. सुताराच्या कामावर माझा राग नाही, क्रमावर आहे. आधी शेगडीचा मध्य ठरवायचा, त्याच्या बरोबर वर चिमणीचा मध्य, तिथून पाइप सर्वांत जवळच्या बाहेरच्या भिंतीत कमीत कमी वळणांनी काढायचा, आणि मग कपाटं. चिमणीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा सोडायचा. कपाटं १२-१३ इंच खोल असतात, चिमणी त्यांच्यापुढे ७-८ इंच येते. म्हणून शेजारच्या दाराचे बिजागर चिमणीच्या उलट बाजूला हवेत, नाहीतर दार अर्धवट उघडून तिच्या अंगावर आपटतं. आणि एक गोष्ट सुतार हमखास चुकवतात. कपाटांची खालची बाजू ओट्यापासून २०-२२ इंचांवर ठेवतात आणि चिमणी २८ वर. मग कपाटाचा कोपरा कढईच्या बाजूला, चिमणीच्या तोंडाखाली लोंबतो आणि पहिला थर त्यालाच बसतो. निदान लगतचं एक कपाट चिमणीच्या तोंडाच्या पातळीला घ्यावं. नाहीच जमलं तर त्या बाजूला स्टीलचा पत्रा लावून घ्यावा आणि प्लाय पाणी सोसणारं घ्यावं, आपल्याकडच्या दमटपणात साधं प्लाय टिकत नाही. प्लगचा पॉइंट पाइपाच्या खोक्यात लपवायचा असेल तर समोरची फळी स्क्रूने निघणारी ठेवा.

खिडकीवर मी वाद घालणार नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेची झड आत येते तेव्हा ती बंदच असते, हे तुम्हीही म्हापशात राहून जाणता.

तुमच्या बर्नरच्या मध्यांमधलं अंतर आणि सर्वांत मोठ्या कढईचा व्यास टेपने मोजून इथे लिहा. बेरीज तुमच्या बाजूने आली तर तुमच्या घरापुरती ६०ची पुरते, हे मी याच पानावर लिहीन. तोवर ‘दुकानदाराची भाषा’ मागे घेतलीत तर बरं वाटेल.