सेवेच्या कढईतलं तेल आणि एक चमचा कॉस्टिक

«फराळाचं जळकं तेल फेकू नका! १ लिटर तेल, २०० मिली स्पिरिट, १ चमचा कॉस्टिक सोडा. बाटलीत घालून जोरात हलवा, रात्रभर ठेवा. वर घरचं डिझेल, खाली भांडी घासायचा साबण! तेल जितकं जुनं तितकं उत्तम. नाही जमलं तर सोडा दुप्पट करा. कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. पुढे पाठवा.»

हा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळीनंतर आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. चूकच झाली. आठवड्याभरात आतेभावाचा फोन आला, "अगं, वर डिझेल आलंच नाही. सगळं दह्यासारखं झालंय, जरा येऊन बघ." दादाचा इंदूरमध्येच सेव-नमकीनचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे जळक्या तेलाला तोटा नाही. त्याने एकदम पाच लिटरचा कॅन लावला होता. मी सोया तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते आणि दिवसभर तेलातली आम्लताच मोजते. तरी दादाने मला विचारलं ते सगळं आटोपल्यावर.

कॅन ओटल्यावर होता. आत पिवळसर पांढरा थलथलीत गोळा, कॅन वाकडा केला तरी सावकाश सरकणारा. काठाशी पातळ तेल सुटलेलं. झाकण घट्ट लावलेलं, ते मी आधी सैल केलं.

दादाचं पहिलं वाक्य होतं, "पण घरच्या तेलाचं तर झालं होतं!" हे खरं होतं. आधी त्याने वहिनीच्या पुऱ्यांचं उरलेलं एक लिटर तेल त्याच मापाने लावलं होतं आणि सकाळी खाली काळपट ग्लिसरीन, वर सोनेरी पातळ थर दिसला होता. असले निरोप पसरतात ते यामुळेच. एका तेलाला कृती लागू पडते आणि माणूस तीच दुसऱ्या तेलाला लावतो.

दोन्ही तेलांचे नमुने मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. मोजायची रीत सोपी आहे. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कोमट करून विरघळवायचं, फिनॉल्फथॅलिनचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक असलेलं द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडायचं. गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. जितके मिली लागले तितके ग्रॅम कॉस्टिक त्या तेलाचं एक लिटर नुसत्या आम्लापायी खाऊन टाकणार. पुऱ्यांच्या तेलाला अर्धा मिली लागला, सेवेच्या तेलाला ५.२ मिली. म्हणजे हे आम्ल, आमच्या भाषेत मुक्त मेदाम्लं, पहिल्यात साधारण ०.४ टक्के, दुसऱ्यात ४ टक्के.

चमचाही मी तोलून पाहिला. सपाट भरून जेमतेम ५ ग्रॅम.

पुऱ्यांच्या एका लिटरमध्ये ५ ग्रॅमपैकी अर्धा ग्रॅम आम्लाने खाल्ला, साडेचार ग्रॅम कामाला उरला. सेवेच्या पाच लिटरला पाच चमचे, म्हणजे २५ ग्रॅम कॉस्टिक घातलं आणि त्या तेलातल्या आम्लालाच २६ ग्रॅम हवं होतं. डिझेल करायला काहीच उरलं नाही. पहिल्या रात्री दादाच्या कॅनमध्ये फक्त साबण तयार झाला.

असं का होतं, हे जरा सावकाश सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला लटकलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. दादाने स्पिरिट म्हणून मेथनॉल घातलं होतं, त्यात कॉस्टिक विरघळवलं की मेथॉक्साइड तयार होतं. ते एकेक साखळी कण्यापासून सोडवतं आणि स्वतः तिला चिकटतं. झाला मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल. मोकळा झालेला कणा लगेच शेजारच्या मेथनॉलकडून हायड्रोजन घेतो आणि नवं मेथॉक्साइड तयार होतं. थोडक्यात, कॉस्टिक इथे उसनं दिलेलं असतं, काम झालं की परत येतं. म्हणून थोडंसंच पुरतं.

मुक्त मेदाम्ल म्हणजे कण्यापासून आधीच तुटलेली साखळी. तिच्या टोकाला आम्ल उघडं असतं. कॉस्टिक दिसलं की ते क्षणात त्याच्याशी जुळतं. डिझेलची क्रिया तासभर घेते, हिला वाट बघावी लागत नाही. जुळून होतं ते सोडियमचं मीठ, अर्थात साबण. यात गेलेलं कॉस्टिक परत येत नाही. वर साबणाच्या टोकावर ऋण भार असतो आणि मेथॉक्साइडवरही ऋण भारच, त्यामुळे ते त्याच्याकडे फिरकत नाही. ती साखळी डिझेल म्हणून कायमची गेली. शिवाय प्रत्येक साबणामागे पाण्याचा एक रेणू सुटतो. दादाच्या कॅनमध्ये असं १२ ग्रॅम पाणी आतल्या आतच तयार झालं असणार. पाणी आणि कॉस्टिक एकत्र आले की ते चांगल्या तेलालाही तोडून आणखी साबण करतात.

आता सोडा दुप्पट करायचा सल्ला. दादाने तोही पाळला, दुसऱ्या दिवशी आणखी पाच चमचे. मला सगळ्यात जास्त राग याच ओळीचा येतो, कारण ती अर्धी खरी आहे. आम्लापुरतं कॉस्टिक वरून घातलं तर क्रिया चालू होते, हे कबूल. बायोडिझेल करणारे मोजून तसं करतातही, पण आम्ल दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर. दादाकडे ५० ग्रॅमपैकी २६ ग्रॅम आम्लात गेलं, २४ कामाला उरलं, आणि थोडं डिझेल झालंही असेल. पण आम्ल होतं तितकंच राहिलं. ४ टक्क्यांनी ४.६ किलो तेलात ते १८४ ग्रॅम भरतं, आणि त्याचा साबण होतो सुमारे २०० ग्रॅम. कपडे धुवायची एक मोठी वडी पाच लिटरमध्ये किसून टाकल्यासारखं!

साबणाचं कामच तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवायचं. इथे तो एस्टर आणि ग्लिसरीन धरून ठेवतो, म्हणून थर सुटत नाहीत. रात्री गारठा पडला की सोडियमचा साबण गोठतो आणि सगळं मिळून खरवसासारखं होतं. तशातूनही वरचं काढून पाण्याने धुवायला गेलात तर मधे ताकासारखा थर येतो, तो हलत नाही आणि निम्मं डिझेल त्यातच अडकतं. ओळखायची खूण तीच. वरचं थोडं बाटलीत घेऊन तेवढंच पाणी घालून हलवा. स्वच्छ असेल तर काही मिनिटांत वेगळं होतं, साबण असेल तर दुधासारखंच राहतं. क्रिया पुरी झाली का ते बघायला ३ मिली माल २७ मिली मेथनॉलमध्ये टाकतात. न बदललेलं तेल विरघळत नाही, खाली थेंब बसतात. दादाच्या मालाचे थेंब नाही, चांगला थर बसला.

मग जुनं तेल उत्तम कसं? सेव पाडताना ओलं बेसन उकळत्या तेलात पडतं, वाफ तेलातून जाते आणि तेलाच्या साखळ्या तुटत राहतात. वरून ताजं तेल ओतत कढई आठवडाभर चालते. जितकं जुनं तितकं आम्ल जास्त, म्हणजे नेमकं उलटं.

स्पिरिटवर फार वेळ घालवत नाही. औषधाच्या किंवा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये इथेनॉल आणि पाणी असतं, त्याने या रीतीने गाडी पुढे जात नाही. दादाने कुठून तरी मेथनॉलच आणलं होतं, रसायन म्हणून बरोबर. माप २०० मिली, तेही ठीकच आहे. जरुरीपुरतं सुमारे १२७ मिली असतं आणि क्रिया उलटी फिरू नये म्हणून जास्त घालतात. पण मेथनॉल पोटात गेलं की डोळे जातात, वाफही वाईट, ते ६५ अंशांना उकळतं आणि त्याची ज्योत उन्हात धड दिसत नाही. ते बंद बाटलीत घालून हलवायला सांगणं हा मूर्खपणा आहे. खालच्या "साबणात" ग्लिसरीनबरोबर हेच मेथनॉल आणि उरलेलं कॉस्टिक असतं. वहिनीने त्याने एक पातेलं घासलं होतं. बोटांची सालं निघाली, आणि निरोप पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

कंपन्या लपवतात म्हणे. फ्रीडमन, प्राइड आणि माउंट्स यांनी अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेतून १९८४ मध्ये हे सगळं छापून ठेवलं आहे. तेलाच्या एका रेणूला मेथनॉलचे सहा, ६० अंश तापमान, एक तास, आणि ९३ ते ९८ टक्के रूपांतर. त्याच लेखात अट आहे की मुक्त मेदाम्लं अर्ध्या टक्क्याच्या आत हवीत आणि अल्कोहोल कोरडं हवं. निरोपवाल्यांनी कृती उचलली, अट गाळली.

जळक्या तेलाचं डिझेल होतं, हे मात्र नाइलाजाने मान्य करायला हवं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची २०१८ पासूनची वापरलेलं तेल गोळा करायची रुको योजना त्यासाठीच आहे. तिथे जास्त आम्लाच्या तेलाला आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मेथनॉल देता येतं. आम्लाच्या संगतीत साबण होत नाही, मुक्त मेदाम्लंच सरळ एस्टर होतात. त्यातून निघालेलं पाणी काढून मग कॉस्टिकचा टप्पा घेतात. हे ओटल्यावरचं काम नाही.

"मग यात ताजं तेल मिसळलं तर?" दादाने विचारलं. हिशेब केला. ४ टक्के आम्ल अर्ध्या टक्क्यावर आणायला त्याच्या एका लिटरला ०.१ टक्केवालं जवळपास नऊ लिटर ताजं तेल लागेल. दादाने ताज्या तेलाच्या डब्याचा भाव मनात धरला असावा, कारण पुढे काही बोलला नाही. तेल गोळा करणाऱ्याचा नंबर मी त्याला दिला आहे. तो पस्तीस लिटर न्यायला तयार आहे, फक्त हा पाच लिटरचा कॅन नको म्हणाला.