वरच्या मुठीवरून पोतं ठरत नाही

"माणूस दारातून आत आला की दोन मिनिटांत कळतो, त्याला अनुभवाची नजर लागते. मार्कांचे तक्ते भरून माणूस निवडायचा म्हणजे स्वतःचं डोकं गहाण ठेवणं. आणि त्यात मरण खेड्यातल्याच पोराचं, कारण त्याला बोलता येत नाही."

नोकरीच्या मुलाखतीत मार्कांचा तक्ता वापरावा म्हटलं की असा आक्षेप ऐकू येतो. दोन मिनिटांत काय कळतं, ते मी स्वतः भोगलंय. वाशिम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी संचालक आहे. सोयाबीन खरेदी केंद्रावर तोल, ओलावा आणि पावत्या सांभाळायला एक माणूस हवा होता. एक मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ भाषा, बसण्याआधी अध्यक्षांच्या पाया पडला. गावाची चौकशी निघाली, मामाची ओळख निघाली, आणि सगळे खूश. हंगाम सुरू झाला तसं गोदाम आणि वही जुळेना. काही पावत्यांवर बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, वजन वजा केलेलं, काहींवर नाही. मुलगा लबाड नव्हता. आम्हीच त्याला मुलाखतीत एकही हिशोब घातला नव्हता. तो नम्र होता, म्हणून तो हिशोबालाही पक्का असेल, असं आम्ही मनातल्या मनात धरून चाललो.

या चुकीला नाव आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण वेगवेगळे दिलेले, पण ते सगळे एकत्रच वर जात आणि एकत्रच खाली येत. शरीरानं रुबाबदार असलेला माणूस बुद्धीनंही तेवढाच वरचा निघावा, असं प्रत्यक्षात होत नाही. एका गुणाचं तेज बाकीच्यांवर पडत होतं, म्हणून त्यानं याला प्रभावळ म्हटलं. मूर्तीच्या डोक्यामागे असते ती.

अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण अनुभव शिकवतो तो चूक डोळ्यांसमोर आली तर. पेरणी चुकली तर शेत चार महिन्यांत सांगतं. मुलाखतीत आपण ज्याला परत पाठवलं, तो पुढं कसा निघाला असता हे कधीच कळत नाही. ज्याला घेतलं त्याचं बरं चाललं तर श्रेय आपल्या नजरेला, बिघडलं तर "पोरगा बदलला". अशी तीस वर्षं काढली तरी नजर तिथंच राहते, फक्त खात्री वाढते.

डोकं गहाण ठेवण्याच्या मुद्द्याला मात्र मी सविस्तर उत्तर देतो, कारण तो प्रामाणिक आक्षेप आहे आणि जुनाही आहे. १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात डॅनियल कानेमान या तरुण अधिकाऱ्यानं भरती झालेल्यांच्या मुलाखतीची पद्धत बदलली. सहा गुण ठरवले, प्रत्येकावर ठरलेले प्रश्न, आणि एका गुणाचे मार्क देऊन झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करून टाकता म्हणाले. त्यानं त्यांचं ऐकलं आणि एक भर घातली: सहाही मार्क लिहून झाले की डोळे मिटा आणि हा सैनिक कसा निघेल, त्याचा मनातला आकडा द्या. नंतर ताडून पाहिलं तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच खरी ठरली, आणि तो मनातला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच चांगला निघाला. म्हणजे अंदाज टाकून द्यायचा नाही, तो शेवटी घ्यायचा. दारात घेतलेला अंदाज पुढच्या सगळ्या उत्तरांना आपला रंग देतो. वेगवेगळं पाहून झाल्यावर घेतलेल्या अंदाजापाशी निदान धरायला काहीतरी असतं.

दुसऱ्या वेळी आम्ही असंच केलं. जाहिरात काढायच्या आधी चौघं बसलो आणि कामाला खरोखर काय लागतं ते चार ओळींत लिहिलं: तोलाचा हिशोब, ओलाव्याची तपासणी, भांडणाऱ्या शेतकऱ्याशी वागणं, स्वतःची चूक कबूल करणं. प्रत्येकाला १ ते ५ मार्क. १, ३ आणि ५ म्हणजे कसं उत्तर, तेही आधीच लिहून ठेवलं. माझ्या मते सगळ्या तक्त्याचा जीव या लिहिण्यात आहे, कारण ते नसेल तर एकाचा ३ हा दुसऱ्याचा ५ असतो.

हिशोबाचं गणित असं होतं: १४ पोती, भरलेलं वजन ७२८ किलो, रिकामं पोतं ६०० ग्रॅमचं, भाव क्विंटलला ४,५०० रुपये, पावती लिहून दे. बारदाना ८ किलो ४०० ग्रॅम वजा जाऊन निव्वळ माल ७१९ किलो ६०० ग्रॅम, रक्कम ३२,३८२ रुपये. पुढचा प्रश्न: "मीटरवर ओलावा १३ टक्के आला, मर्यादा १२ ची आहे, काका म्हणतात तुझा मीटरच खोटा. काय करशील?" नुसतं "नियम आहे" म्हणून परत पाठवणाऱ्याला किंवा दबून माल घेणाऱ्याला १. समजावून पुन्हा मोजणाऱ्याला ३. काकांच्या देखत वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना काढून मोजणं, आकडा लिहून देणं आणि माल वाळवून कधी आणायचा ते सांगणं, याला ५.

पहिल्या उमेदवाराचं बोलणं गोड होतं. तो बारदाना विसरला आणि काकांबद्दल "मी त्यांना व्यवस्थित कन्व्हिन्स करेन" एवढंच म्हणाला. त्याला एकूण २० पैकी ११. दुसरा तांड्यावरचा मुलगा, सगळा वेळ टेबलाकडे बघत बोलला. पावती बिनचूक लिहिली आणि काकांच्या प्रश्नावर म्हणाला, "म्या म्हनीन, काका, माल तुमचा हाये, तुमीच सांगा कोन्त्या पोत्यातून काढू." त्याला १६. खेड्यातल्या पोराच्या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे: गप्पांच्या मुलाखतीत त्याच्यापाशी फक्त बोलणं असतं, इथं त्याच्या हातात पेन आणि पावती होती. पण आक्षेपात एक खरी गोष्ट आहे. तक्त्यात "व्यक्तिमत्त्व" किंवा "संवादकौशल्य" अशी ओळ घातली, की प्रभावळ मागच्या दारानं आत येते आणि वऱ्हाडी बोलणाऱ्याचे मार्क कापले जातात. ती ओळ घालूच नये. शेतकऱ्याशी नीट बोलता यायला हवं असेल तर तोच प्रसंग द्यावा, आणि उत्तर हव्या त्या बोलीत घ्यावं.

तक्ता फसतोही. आमच्या एका संचालकांनी पहिल्या मुलाला चारही ओळींत ४ दिले होते, आणि त्यात चुकलेल्या पावतीलाही ४. सगळे मार्क असे सारखेच दिसले की ओळखावं, मार्क उत्तराला नाही, माणसाला दिलेत. दुसरी खोट म्हणजे आधी चर्चा आणि मग मार्क. अध्यक्षांनी मान हलवली की सगळ्यांची पेनं तिकडंच झुकतात. म्हणून प्रत्येकानं उत्तर ऐकल्याबरोबर, एकमेकांचं न बघता लिहायचं, आणि दोन किंवा जास्त मार्कांचा फरक असेल तेवढ्याच ओळीवर शेवटी बोलायचं. हिशोबाच्या ओळीवर आम्ही बोललो तेव्हा संचालकांनी पावती पुन्हा वाचली आणि स्वतःहून ४ चा २ केला.

एवढं करूनही तक्ता भविष्य सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुने अभ्यास पुन्हा मोजले. मुलाखतीचे मार्क आणि पुढचं काम यांचा मेळ, पूर्ण जुळलं तर १ धरून, ठरीव मुलाखतीत सरासरी ०.४२ आणि मोकळ्या गप्पांत ०.१९ निघाला. ०.४२ म्हणजे चूक होणारच, म्हणून आम्ही त्या तांड्यावरच्या मुलाला आधी एक हंगाम ठेवलं आणि तक्ता फाडला नाही. हंगाम संपला की गोदामातली तूट आणि त्याच्या पावत्या त्या चार ओळींशेजारी ठेवून पाहणार आहोत, कोणती ओळ कामाला आली आणि कोणती बदलायची ते ठरवायला.