कुत्रा चावल्यावर ‘एकच इंजेक्शन पुरे’? त्या फॉरवर्डला उत्तर

“कुत्रा चावला तर लक्षात ठेवा (रिव्हिजन नोट): १) इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटीबॉडीज. दंडात एक इंजेक्शन घेतलं की लगेच संरक्षण, मग लसीच्या डोसांची गरज नाही. २) ते घोड्याचं सीरम असतं, रिअ‍ॅक्शन येते. भीती वाटत असेल तर नुसती लस घेतली तरी चालतं. ३) रेबीजची लस जिवंत विषाणूची असते, अशक्त माणसाला तिच्यातूनच रेबीज होऊ शकतो. ४) लसीनंतर ताप आला म्हणजे लस बाधली, पुढचे डोस थांबवा. सर्वांना पाठवा.”

हे माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरतंय. पोरगी फार्मकॉलॉजीची उजळणी करतेय आणि तिने हे वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेत मार्क गेले तर जातील, पण दोन वर्षांनी हीच मुलं कॅज्युअल्टीत उभी राहणार आहेत, म्हणून लिहितोय. माझा मुख्य आधार जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८ चा रेबीजवरचा पोझिशन पेपर. तो फुकट वाचायला मिळतो, फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही मिळाला असता.

पहिल्या मुद्द्यावरच जास्त बोलायचंय, कारण माणूस मरेल तो इथे. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, हे कबूल. इम्युनोग्लोब्युलिन ही दुसऱ्याच्या शरीरात बनलेली प्रतिपिंडं, म्हणून त्यांचं काम लगेच सुरू होतं. लसीचं तसं नाही. लस आपल्या शरीराला प्रतिपिंडं बनवायला लावते आणि ती पुरेशी तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पण उसनं आणलेलं टिकत नाही. माणसाच्या आयजीजी प्रतिपिंडांचं अर्ध-आयुष्य जेमतेम तीन आठवडे, घोड्याच्या सीरममधले प्रतिपिंडांचे तुकडे तर त्याहून लवकर संपतात. उलट रेबीजचा अधिशयन काळ, म्हणजे चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, बहुधा एक ते तीन महिने, कधी त्याहून बराच जास्त. म्हणजे विषाणू अजून वाट चालतोय आणि तुमचा पहारेकरी घरी गेलाय. शिवाय अशा उसन्या, म्हणजे पॅसिव्ह प्रतिकारशक्तीला स्मृती नसते, ती लसीनेच येते. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या आठवड्याची फट बुजवतं, एवढंच त्याचं काम.

आणि दंडात? इथे नोट लिहिणाऱ्याने कमाल केली आहे. चावल्यावर विषाणू काही काळ जखमेच्या आसपासच्या स्नायूत असतो. तिथून तो चेतातंतूत शिरला की प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. त्याला अडवायची जागा म्हणजे जखम. दंडात टोचलेलं औषध रक्तात पसरून इतकं विरळ होतं की जखमेपाशी नावापुरतं पोचतं.

एक उदाहरण घेऊ. ६० किलो वजनाचा माणूस, पोटरीला दोन खोल दातांच्या खुणा, रक्त आलेलं, म्हणजे सर्वांत गंभीर गट, कॅटेगरी ३. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही नाही. मग घोड्याचं इम्युनोग्लोब्युलिन किलोला ४० युनिट, म्हणजे २४०० युनिट. आपल्याकडची व्हायल बहुधा मिलीलिटरला ३०० युनिटची असते, म्हणून ८ मिली. हे औषध जखमेच्या आत आणि कडेने, सुई थोडी थोडी सरकवत, प्रत्येक खुणेच्या तळापर्यंत भरायचं. ऊतक फुगून पांढुरकं दिसतं. रुग्ण ओरडतो, ते साहजिक आहे. पोटरीत जागा भरपूर असते, पण बोटाच्या टोकाला बेतानेच भरावं लागतं, नाहीतर दाबाने रक्तपुरवठा अडतो. चेहऱ्यावर अनेक जखमा असलेलं १५ किलोचं मूल आलं तर हिशेब फक्त २ मिलीचा येतो, ते पुरणार नाही. म्हणून डोस न वाढवता नॉर्मल सलाइन घालून आकारमान वाढवायचं. डोस वाढवला तर लसीने येणारा प्रतिसाद दबू शकतो.

त्याच दिवशी लस, पण वेगळ्या सिरिंजने आणि वेगळ्या जागी. त्वचेत द्यायची पद्धत असेल तर दोन्ही दंडांवर ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. कुल्ल्यात कधीच नाही. पहिल्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात. हे सात दिवस चावल्यापासून नव्हे, पहिल्या डोसपासून मोजायचे. महिन्याभरापूर्वी चावलेला, एकही डोस न घेतलेला माणूस आला तर त्याला दोन्ही द्यायचं. आधी पूर्ण लस घेतलेल्याला मात्र इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, दिवस ० आणि ३ ला लस पुरते.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. घोड्याचं प्रथिन परकं असतं, अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, होऊ शकतो. म्हणून अ‍ॅड्रेनालिन १:१००० भरून हाताशी ठेवायचं आणि रुग्णाला काही वेळ बसवून ठेवायचं. पण आजचं औषध शुद्ध केलेलं असतं आणि गंभीर प्रतिक्रिया दुर्मीळ आहेत. ‘आधी स्किन टेस्ट करा’ हा जुना नियमही वर सांगितलेल्या पेपरने सोडला आहे, कारण त्या टेस्टने कोणाला रिअ‍ॅक्शन येईल ते कळत नाही. घोडा नकोच असेल तर मानवी इम्युनोग्लोब्युलिन आहे, किलोला २० युनिट. शिवाय मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली एकाच प्रकारची प्रतिपिंडं आहेत. त्यातलं एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं, भारतात २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं. नुसती लस चालते ती कॅटेगरी २ ला, म्हणजे रक्त न येता नुसतं ओरखडलं असेल तर. इम्युनोग्लोब्युलिन खरंच कुठे मिळत नसेल तर धुणं आणि लस थांबवायची नाही, हेही खरं. पण ती मजबुरी झाली, भीती वाटते म्हणून निवडायचा पर्याय नव्हे.

तिसरा मुद्दा चूक. माणसांना दिली जाणारी रेबीजची लस व्हेरो पेशींवर किंवा कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवून मारलेल्या विषाणूची असते. तिच्यातून रेबीज होत नाही, गरोदर बाईलाही देता येते. जिवंत लसींची यादी वेगळी: बीसीजी, गोवर-रुबेला, तोंडाची पोलिओ, रोटाव्हायरस, पिवळा ताप. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात जपायचं ते यांच्या बाबतीत. रेबीजचीही जिवंत लस आहे म्हणा, युरोपात कोल्ह्यांसाठी आमिषात घालून टाकतात ती. पोटात चौदा इंजेक्शनं आणि कधीमधी लकवा या आजीच्या गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या सेम्पल लसीच्या. १९११ मध्ये कसौलीला निघालेली ती लस भारतात २००५ पासून वापरात नाही. तिच्यातही त्रास व्हायचा तो विषाणूमुळे नव्हे, मेंदूच्या ऊतकातल्या मायलिनमुळे, म्हणजे चेतातंतूंवरच्या आवरणामुळे.

चौथा. टोचल्या जागी दुखणं, लाली, एक-दोन दिवस अंगात कणकण आणि ताप, हे कुठल्याही लसीनंतर नेहमीचं. पॅरासिटामॉल द्यायचं, पुढचा डोस ठरल्या दिवशीच. एक गोष्ट मात्र ओळखता आली पाहिजे. घोड्याचं सीरम घेतल्यावर साधारण आठवड्याभराने ताप, अंगावर पित्त आणि सांधेदुखी एकदम आली तर ते सीरम सिकनेस. खापर मात्र लसीवर फुटतं, कारण सातव्या दिवसाचा डोस नुकताच झालेला असतो. अँटिहिस्टामिन आणि वेदनाशामक द्यायचं, त्रास जास्त असेल तर स्टेरॉइडचा विचार डॉक्टरांनी करायचा, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस तरीही द्यायचाच.