जेडची बांगडी थंड लागली, म्हणजे ती खरी झाली का?

«खरा जेड ओळखायच्या चार खुणा, फॉरवर्ड करा! १) हातात घेतल्यावर बर्फासारखा थंड लागतो आणि लवकर गरम होत नाही. २) चाकूने ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा पाडतो. ३) केस गुंडाळून काडी लावली तरी केस जळत नाही. ४) रंग जितका गडद आणि एकसारखा हिरवा, तितका अस्सल. या चार परीक्षा पास झालेला दगड डोळे मिटून घ्या.»

हा मजकूर मला गेल्या दोन महिन्यांत पाच जणांनी पाठवला. मी रत्नपरीक्षा शिकले आहे, रोज दगड हाताळते, आणि याच चार खुणा पाहून घेतलेली एक बांगडी नुकतीच माझ्या टेबलावर आली. शेजारच्या मावशींनी ती बँकॉकच्या सहलीत घेतली होती. विक्रेत्याने त्यांच्यासमोर चारही प्रयोग करून दाखवले, बांगडी चारही पास झाली, पण ती जेड नाही. तिच्याच आधाराने एकेक मुद्दा घेते.

आधी थंडपणा. दगड हाताला थंड लागतो, कारण तो आपल्या त्वचेची उष्णता चटकन ओढून घेतो. प्लास्टिक ती फार सावकाश ओढतं, काच त्याहून बरी ओढते, आणि जेड काचेच्या कितीतरी पुढे. म्हणून प्लास्टिकचा मणी या परीक्षेत लगेच पकडला जातो, आणि सवय असलेल्या हाताला काचही बऱ्याचदा कळते. पण जेड म्हणून आपल्याकडे सर्वांत जास्त विकलं जातं ते प्लास्टिक नाही, काचही नाही. तो असतो क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड. ‘इंडियन जेड’ या नावाने मिळणारा ॲव्हेंच्युरिन क्वार्ट्झच, आणि ‘मलेशिया जेड’ म्हणजे बहुतेक वेळा रंगवलेला क्वार्ट्झाइट, क्वार्ट्झच्याच कणांचा बनलेला दगड. क्वार्ट्झ उष्णता ओढण्यात जेडला मागे पडत नाही. डोळे बांधून दोन्ही हातात दिले, तर थंडपणावरून मीही फरक सांगू शकणार नाही.

दुसरी अडचण हवेची. हाताच्या त्वचेचं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर तिथे ठेवलेलं अस्सल जेड गरम लागेल. एसी दुकानात मात्र काउंटरवरचा फरशीचा तुकडासुद्धा गार लागतो. हा प्रयोग करायचाच असेल तर बांगडी, काचेचा पेला आणि प्लास्टिकची एखादी वस्तू थंड खोलीत अर्धा तास शेजारी शेजारी ठेवा आणि मग एकेक करून गालाला लावा. बांगडी पेल्याहून स्पष्ट थंड लागली, तर ती दगडाची असावी एवढंच कळतं. कोणत्या दगडाची, ते कळत नाही.

चाकूचं सांगायचं तर, कठीणपणाच्या दहाच्या मापात पोलादी चाकू साडेपाचच्या आसपास बसतो, जेड सहा ते सात, आणि क्वार्ट्झ सात. म्हणजे चाकूच्या आणि काचेच्या परीक्षेत नकली दगड अस्सलपेक्षा चांगले गुण मिळवतो. यात सापडतो तो फक्त सर्पेंटाइनसारखा मऊ दगड, जो ‘न्यू जेड’ म्हणून विकतात. कधी कधी चाकूचंच पोलाद दगडावर घासलं जातं, करडी रेघ उठते आणि लोक तिला ओरखडा समजून खरा दगड परत करतात. बोट ओलं करून चोळलं की ती रेघ पुसट होते, खरा ओरखडा हटत नाही. पण मुळात पॉलिश केलेल्या वस्तूवर चाकू चालवूच नका. या प्रयोगाने नुकसान नक्की होतं, उत्तर मिळेलच असं नाही.

केसाच्या बाबतीत मला खरोखर राग येतो, कारण यात आग आहे. घट्ट गुंडाळलेल्या केसाची उष्णता दगड शोषून घेतो, म्हणून तो लगेच पेट घेत नाही. पितळी तांब्यावर केस ताणून धरला तरी तेच होईल. आणि बांगडीत आतून राळ भरलेली असेल, तर ज्योतीने ती पिवळी पडते, मग दुकानदार म्हणतो, ‘तुम्हीच खराब केलीत’. काडी पेटवू नका.

आता रंग. चौघांत सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. फ्रेंच रसायनज्ञ अलेक्सिस दामूर यांनी १८६३ साली हे दाखवून दिलं. एक जेडाइट, ज्याची मोठी खाण म्यानमारच्या काचिन राज्यात, फाकांतला. दुसरं नेफ्राइट, जे चीनच्या खोतानपासून न्यूझीलंडपर्यंत सापडतं. मुघलांच्या काळातलं जेड म्हणजे नेफ्राइट. शाहजहानचा १६५७ सालचा प्रसिद्ध मद्याचा पेला तर हिरवा नाहीच, दुधासारखा पांढरा आहे. तेव्हा हिरवेपणाच मुळी जेडची अट नाही.

जेडाइटचा भडक हिरवा येतो क्रोमियममुळे, आणि ते दगड घडतानाच खनिजाच्या कणात बसलेलं असतं. म्हणून नैसर्गिक रंग कणांच्या आतून येतो. कुठे डाग, कुठे शीर, कुठे ढग, आणि कडेला विरत विरत पांढऱ्यात किंवा फिक्या हिरव्यात मिसळलेला. चिनी व्यापारी याला रंगाचं ‘मूळ’ म्हणतात, म्हणजे रंग कुठून उगवला ते दाखवता येतं. एकसारखा गडद हिरवा आणि वर पारदर्शक, असं जेडाइट असतं खरं, पण त्याच्या बांगडीची किंमत घराच्या किमतीशी स्पर्धा करते. ती पर्यटकांच्या दुकानात ट्रेमध्ये रांगेने मांडलेली नसते.

रंगवलेल्या दगडात रंग बाहेरून शिरलेला असतो, तो कणांच्या आत जाऊ शकत नाही. तो कणांमधल्या फटीत आणि भेगांत साचतो. मावशींची बांगडी मी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर धरली आणि दहापट भिंगातून पाहिली. वरून सुंदर एकसारखी हिरवी दिसणारी बांगडी आतून जाळी निघाली. कण जवळपास रंगहीन, आणि त्यांच्या कडेकडेने हिरव्या रेघा, भेगाळलेल्या शेतात पाणी शिरावं तशा. एका बारीक भेगेत तर रंग इतका साचला होता की ती काळपट दिसत होती. ॲव्हेंच्युरिन असतं तर हिरव्या अभ्रकाचे चमचमते पापुद्रे दिसले असते, काच असती तर गोल बुडबुडे. नैसर्गिक डाग भिंगाखाली विरघळत जातो, रंगाची जाळी मात्र भिंगाखाली अधिक ठळक होते. घरी करण्यासारखी याहून चांगली परीक्षा रंगासाठी नाही, आणि दगडाला तिचा काडीचाही त्रास होत नाही.

हातातलं वजन ही फॉरवर्डमध्ये नसलेली पण सर्वांत भरवशाची गोष्ट. जेड आकाराच्या मानाने जड लागतं. ते ‘लागणं’ आकड्यात आणता येतं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. मावशींसमोर असं केलं.

बांगडी कोरडी ठेवून वजन घेतलं, ५३.१ ग्रॅम. मग वाडग्यात पाणी घेऊन, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, वाडगा काट्यावर ठेवला आणि काटा शून्यावर आणला. बांगडी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरली, तळाला आणि कडेला न टेकवता. काट्याने २०.१ दाखवले. हा आकडा म्हणजे बांगडीने बाजूला सारलेलं पाणी, तिचं आकारमान. ५३.१ भागिले २०.१, उत्तर २.६४. क्वार्ट्झची घनता २.६५ असते. नेफ्राइटची २.९५ च्या आसपास आणि जेडाइटची ३.३४ च्या आसपास. हीच बांगडी जेडाइटची असती तर काट्याने १६ च्या जवळ दाखवलं असतं, नेफ्राइटची असती तर १८.

मावशी म्हणाल्या, «अगं, पण दोरा हलला असेल.» म्हणून त्यांच्याच हाताने पुन्हा केलं. २०.० आले. चुकतं ते तीन ठिकाणी. बांगडी तळाला टेकली की आकडा एकदम वाढतो. अंगाला हवेचे बुडबुडे चिकटले तर घनता कमी येते, साबणाचा थेंब त्यासाठीच. आणि एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर अंगठीचा छोटा खडा मोजण्यात अर्थ नाही. धातूत बसवलेल्या खड्याला तर ही परीक्षा लागूच पडत नाही.

घनता २.६५ आली तर जेड नाही, हे छातीठोक सांगता येतं. उलट ३.३४ आली म्हणून लगेच खूश होऊ नका. जेडाइट खरं असूनही त्याला आम्लात धुऊन आत राळ भरलेली असू शकते, त्याला बाजारात ‘बी’ म्हणतात. रंगवलेलं असेल तर ‘सी’. फक्त मेण लावून चकाकी आणलेलं ते ‘ए’. रंग निदान भिंगाखाली पकडता येतो. राळ मात्र घरी खात्रीने पकडता येत नाही. कधी पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, कधी टिचकीचा आवाज बद्द येतो, पण भेग गेलेलं अस्सल जेडही बद्द वाजतं, आणि काच तर छान खणखणते. राळ ओळखायला प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणी लागते. मुंबईत आणि जयपूरमध्ये रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मोठी रक्कम मोजायची असेल तर प्रमाणपत्रावर ‘जेडाइट’ किंवा ‘नेफ्राइट’ हे खनिजाचं नाव आणि प्रक्रिया केली आहे की नाही, या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. नुसतं ‘नॅचरल स्टोन’ लिहिलेला कागद मावशींकडेही होता, आणि तो खोटा नव्हता. क्वार्ट्झाइट नैसर्गिकच दगड आहे.

मावशींनी बांगडी परत हातात घातली. भांडी घासताना काढून ठेवा, उन्हात वाळत टाकू नका, रंग फिका पडेल, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनी तिथेच बसून तो मजकूर पाठवणाऱ्या नणंदेला फोन लावला आणि काट्यावरचे दोन्ही आकडे वाचून दाखवले.